349 रुपयांच्या मसाल्याचे 207 हातात: ऑनलाइन विक्रीचा करार एका पाकिटाच्या हिशोबाने वाचा

खान्देशी काळ्या मसाल्याचं 400 ग्रॅमचं पाकीट ऑनलाइन 349 रुपयांना विकलं जातं आणि विकणाऱ्याच्या खात्यात 207 रुपये जमा होतात. मधले 142 रुपये कशाकशात गेले हे विक्रीच्या साइटवर खातं उघडताना 'मान्य आहे' म्हणून टिचकी मारली त्या करारात लिहिलेलं असतं. पाकीट परत आलं तर तोटा कोणाचा, पैसे किती दिवसांनी येणार आणि खातं बंद झालं तर अडकलेल्या रकमेचं काय, हेही तिथेच ठरलेलं असतं. ती टिचकी म्हणजे सही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 10-अ प्रमाणे असा करार केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला म्हणून रद्द ठरत नाही. 'मी वाचलाच नव्हता' या म्हणण्याचा नंतर काही उपयोग होत नाही.

अमळनेर, चोपडा, भुसावळ किंवा शहाद्यासारख्या गावातून घरच्या घरी मसाला करून विकणारी व्यक्ती डोळ्यापुढे ठेवून हा लेख लिहिला आहे. पापड, बिबडे, केळीचे वेफर्स यांनाही पद्धत तीच लागते, फक्त आकडे बदलतात. खालचे शुल्काचे दर हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. प्रत्येक साइटचे दर वेगळे असतात आणि ते वर्षातून अनेकदा बदलतात. कराचे दर मात्र प्रत्यक्षातले आहेत.

आधी कागद गोळा करा

मूळ करारात आकडे फार थोडे असतात. 'शुल्क वेळोवेळी प्रसिद्ध होणाऱ्या दरपत्रकाप्रमाणे' एवढं एक वाक्य तिथे असतं आणि खरे आकडे वेगळ्या पानांवर असतात. म्हणून चार कागद एकत्र लागतात: मूळ करार, दरपत्रक म्हणजे रेट कार्ड, परताव्याचं धोरण, आणि पेमेंटचं धोरण. चारही पानं पीडीएफ करून घ्या, फाइलच्या नावात तारीख टाका आणि मोबाइलसोबत ईमेलमध्येही ठेवा. दर बदलले की साइटवर जुनं पान सापडत नाही. त्या महिन्यात कोणता दर लागू होता हे दाखवायला तुमच्याकडे हीच प्रत असते.

करार इंग्रजीत आणि वीस-पंचवीस पानांचा असतो. तो सलग वाचण्याआधी शोधायच्या चौकटीत `fee`, `set-off`, `withhold`, `suspend`, `without notice`, `indemnify` आणि `arbitration` हे शब्द एकेक करून टाका. प्रत्येक शब्द जिथे येतो तो परिच्छेद घरातल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा तुमच्या सीएकडून नीट समजून घ्या. पैशाशी संबंधित जवळजवळ सगळी कलमं या सात शब्दांत सापडतात.

आणखी एक कलम हमखास असतं: 'अटी बदलल्या तर आम्ही कळवू, त्यानंतर तुम्ही विक्री चालू ठेवलीत तर बदल मान्य आहेत असं समजू.' म्हणजे साइटकडून आलेली ईमेल न वाचता सोडणं हीसुद्धा संमतीच ठरते. त्या ईमेलसाठी वेगळा पत्ता ठेवा, जो जाहिरातींनी भरलेला नसेल.

जीएसटीचा प्रश्न खातं उघडण्याआधीच सोडवा

ऑनलाइन विक्रीला जीएसटी नंबर लागतोच, असं सरसकट सांगितलं जातं. 1 ऑक्टोबर 2023 पासून त्यात सूट आहे. वार्षिक उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आत असेल (महाराष्ट्रात मालासाठी ती 40 लाख रुपये आहे), आणि विक्री फक्त आपल्या राज्यात असेल, तर नोंदणीशिवाय वस्तू ऑनलाइन विकता येतात. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर पॅनच्या आधारे नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. साइट अशा विक्रेत्यांना घेते का, तेवढं विचारून घ्या. काही ठिकाणी अजूनही जीएसटी नंबरशिवाय अर्ज पुढे जात नाही.

खान्देशातल्या विक्रेत्याने इथे थांबून विचार करावा. आपल्या मसाल्याचा मोठा गिऱ्हाईक पुणे-मुंबईइतकाच सुरतेत आहे, आणि सुरत गुजरातेत येते. रावेरहून जवळ असलेलं बऱ्हाणपूरही मध्य प्रदेशात. नावनोंदणी क्रमांकावर या दोन्हीकडे एकही पाकीट पाठवता येत नाही. सुरतेचं गिऱ्हाईक हवं असेल तर नियमित जीएसटी नोंदणी करा. नियमित नोंदणीचा आणखी एक फायदा पुढच्या हिशोबात दिसेल.

349 चे 207 कसे झाले

आपलं पाकीट 349 रुपयांचं, त्यातच 5 टक्के जीएसटी धरलेला. म्हणजे मालाची मूळ किंमत 332.38 रुपये आणि कर 16.62 रुपये.

आता साइटची वजावट. कमिशन 9 टक्के धरू. ते बहुतेक करारांत ग्राहकाने दिलेल्या पूर्ण रकमेवर लागतं, करासकट. म्हणजे 332 वर नाही, 349 वर: 31.41 रुपये. प्रत्येक ऑर्डरमागे ठरावीक शुल्क 15 रुपये. पैसे गोळा करण्याचं शुल्क 2 टक्के, म्हणजे 6.98. अर्ध्या किलोच्या आतल्या पार्सलला देशभर पाठवणीचे 65. ही बेरीज 118.39 रुपये होते. ती साइटने दिलेली सेवा असल्यामुळे तिच्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, 21.31 रुपये. झाले 139.70.

याशिवाय साइट दोन सरकारी रकमा कापते. जीएसटीतला टीसीएस 10 जुलै 2024 पासून अर्धा टक्का आहे, तो 1.66 रुपये होतो. आयकराचा टीडीएस 1 ऑक्टोबर 2024 पासून 0.1 टक्का आहे, तो 33 पैसे. वैयक्तिक विक्रेत्याची त्या साइटवरची वर्षाची विक्री 5 लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल, तर हा टीडीएस कापला जात नाही. पॅन किंवा आधार दिलेलंच नसेल तर मात्र तो 5 टक्के होतो. उरले 207 रुपये 31 पैसे.

या 207 मधून मालाचे 16.62 रुपये जीएसटी पुन्हा भरायचे का? नियमित नोंदणी असेल तर साइटने शुल्कावर लावलेले 21.31 रुपये तुम्हाला क्रेडिट म्हणून मिळतात आणि त्यातून हे 16.62 फिटतात. टीसीएसचे पैसे पोर्टलवर जाऊन स्वीकारावे लागतात, मग ते तुमच्या कॅश लेजरमध्ये येतात. कोणी स्वीकारलेच नाहीत तर ते तसेच पडून राहतात, आणि घरगुती विक्रेत्यांचं हे फार वेळा होतं. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याला 'टीसीएस घेतला का?' एवढं विचारा. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याचा टीसीएस कापला जात नाही आणि त्याला मालावर जीएसटी लावायचा नसतो, पण शुल्कावरच्या 21.31 रुपयांचं क्रेडिटही मिळत नाही. तो त्याचा खर्चच.

नंदुरबारची मिरची, धने, खोबरं, तीळ आणि बाकीचा गरम मसाला मिळून 400 ग्रॅमला 120 रुपये लागतात असं धरू. पाऊच, खोका, टेप, लेबल 18. भाजणं, कांडप आणि पॅकिंगची मजुरी 25. एकूण 163. हातात 207, म्हणजे पाकिटामागे 44 रुपये. पुढचा सगळा करार या 44 रुपयांच्या मापाने वाचायचा आहे.

'शून्य कमिशन' अशी जाहिरात दिसली तर वरच्या हिशोबात फक्त 31.41 च्या जागी शून्य घाला आणि बाकीच्या ओळी त्या साइटच्या दरपत्रकातून भरा. पाठवणीचा किंवा ठरावीक शुल्काचा आकडा तिथे मोठा असू शकतो. दोन साइटची तुलना कमिशनच्या टक्क्यावरून करू नका, शेवटी हातात पडणाऱ्या रकमेवरून करा.

वजन: नफा इथेच गळतो

पाठवणीचं शुल्क टप्प्यांनी लागतं. साधारण पहिला टप्पा 500 ग्रॅमपर्यंत, मग एक किलोपर्यंत. अर्धा किलो मसाल्याचं पाकीट घरगुती विक्रीत चांगलं चालतं, म्हणून लोक तेच ऑनलाइन लावतात. पण पाऊच, खोका, आतलं कागदाचं भरण आणि टेप धरून ते 570-580 ग्रॅम भरतं आणि थेट एक किलोच्या टप्प्यात जातं. दुसऱ्या टप्प्याचे 95 रुपये धरले तर फरक 30 रुपयांचा, जीएसटीसकट 35.40. 44 रुपयांच्या नफ्यात ही रक्कम म्हणजे जवळजवळ सगळाच नफा. 400 ग्रॅमचं पाकीट सगळ्या सामानासकट 475-480 ग्रॅमवर थांबतं, म्हणून हिशोबाला ते धरलं.

काट्यावरचं वजन ठीक असूनही जास्त पैसे कापले जातात, त्याचं कारण आकारमानाचं वजन. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि साधारणपणे 5000 ने भागायचं. येतं ते किलोमधलं वजन. काट्यावरचं आणि हे, यातलं जे जास्त ते धरतात. 18 × 13 × 8 च्या खोक्याचं 0.374 किलो येतं, ते चालेल. घरात पडलेल्या 24 × 18 × 7 च्या खोक्यात तेच पाकीट घातलं तर 0.605 किलो येतं आणि टप्पा बदलतो. भागायचा आकडा तुमच्या दरपत्रकात तपासा आणि त्या मापाचे खोके जळगावच्या किंवा धुळ्याच्या पॅकेजिंगवाल्याकडून शंभराच्या गठ्ठ्याने आणा.

वजनाचा वाद उभा राहिला तर पुरावा म्हणून दोन फोटो लागतात: काट्यावर ठेवलेलं, लेबल लावलेलं पार्सल, ज्यात आकडा वाचता येतो, आणि त्याच पार्सलशेजारी टेप धरून तिन्ही मापं. प्रत्येक पार्सलचे काढायची गरज नाही. प्रत्येक मापाच्या खोक्याचे एकदा काढून ठेवा. वाद मांडायची मुदत मात्र थोडी असते आणि दंडाची ओळ पैशाच्या पत्रकात न बोलता येते. म्हणून आठवड्याचं पत्रक उघडून पाठवणीच्या रकान्यात 65 सोडून दुसरा आकडा दिसतो का तेवढं बघत जा.

परत आलेला माल कोणाचा

करारात 'परतावा' हा एकच शब्द असला तरी त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. ग्राहक घरी नाही, फोन उचलत नाही, किंवा रोखीची ऑर्डर दारातच नाकारतो, तेव्हा न पोहोचता परत येणाऱ्या पार्सलला आरटीओ म्हणतात. ग्राहकाने पार्सल घेतलं आणि नंतर तक्रार केली तर तो ग्राहक-परतावा. दोन्हींचे दर वेगळे असतात आणि कोणत्या साइटवर आरटीओची पाठवणी विक्रेत्याच्या माथी आहे, हे दरपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं. तेच पहिलं शोधा.

आरटीओत जाण्याचे 65 रुपये जीएसटीसकट 76.70 होतात. ते तुमच्याकडून घेतले जात असतील तर नवा खोका धरून तोटा सुमारे 95 रुपयांचा, म्हणजे दोन पाकिटांचा नफा संपून वर थोडे. माल मात्र वाचतो. पाऊच न फुटता परत आला आणि तारीख शिल्लक असेल तर पुन्हा विकता येतो. रोखीच्या ऑर्डरींमध्ये आरटीओ जास्त येतो. साइट परवानगी देत असेल तर ज्या भागातून पार्सलं वारंवार परत येतात तिथे रोखीची सोय बंद करा.

खाण्याच्या वस्तूंवर बहुतेक ठिकाणी 'परत घेतलं जाणार नाही' असा शिक्का असतो. तो वाचून विक्रेता निर्धास्त होतो, आणि फसतो. त्याचा अर्थ एवढाच, की आवडलं नाही म्हणून माल परत करता येणार नाही. फुटका, सांडलेला, चुकीचा किंवा कमी निघाला तर ग्राहकाला पैसे मिळतात आणि पार्सल परत येतही नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणेही सदोष, बनावट, जाहिरातीशी न जुळणारी किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोहोचलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. उशिराच्या बाबतीत माणसाच्या हाताबाहेरचं कारण असेल तर तेवढा अपवाद आहे.

अशा एका परताव्यात मालाचे 163, पाठवणीचे 76.70 आणि ठरावीक शुल्क परत मिळत नसेल तर त्याचे 17.70 जातात. बेरीज 257 रुपये. 44 रुपयांच्या नफ्याने भागा: एक फुटलेलं पाकीट सहा पाकिटांची कमाई खातं. शंभरात पाच पाकिटं अशी गेली तर तीस पाकिटं फुकट विकल्यासारखी झाली.

म्हणून पॅकिंगवर आणखी चार रुपये गेले तर जाऊ द्या. काळ्या मसाल्यात खोबऱ्या-तिळाचं तेल असतं. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पार्सल गोदामात आणि गाडीत तापतं, तेल सुटतं, आणि पातळ पाऊचची शिवण तेलाने ओली होऊन उघडते. ग्राहकाला तो 'गळका माल' दिसतो आणि फोटोत तो तसाच येतो. जाड, आत अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेला पाऊच, कमीत कमी आठ मिलिमीटर रुंद सील, आणि बाहेरून एक साधी प्लास्टिक पिशवी, एवढं करा. सील झाल्यावर पाऊच उलटा धरून दाबून पाहा. हवा फुसकली तर ते सील रस्त्यात सुटणारच. बिबडे विकणाऱ्यांनी वरून पाच किलोचं वजन ठेवून खोका दबतो का ते तपासावं.

क्लेम: पुरावा नसेल तर काही मिळत नाही

ग्राहकाने खोटी तक्रार केली किंवा परत आलेल्या खोक्यात भलतंच निघालं, तर करार तुम्हाला भरपाई मागायची सोय देतो. अट दोनच गोष्टींची असते: मुदत आणि पुरावा. मुदत परतीचं पार्सल पोहोचल्यापासून मोजतात आणि ती काही दिवसांचीच असते. तुमच्या धोरणात आकडा शोधून पॅकिंगच्या टेबलासमोर भिंतीवर लिहून ठेवा.

पुराव्याचा व्हिडिओ असा घ्या. मोबाइल एका जागी टेकवा. आधी रिकामा खोका, मग पाऊच दोन्ही बाजूंनी, त्यावरची पॅकिंगची तारीख आणि बॅच नंबर, मग काट्यावरचं वजन, मग बंद करणं, आणि शेवटी चिकटवलेल्या लेबलवरचा बारकोड वाचता येईल इतक्या जवळून. हे सगळं न थांबवता एकाच चित्रफितीत. परत आलेलं पार्सलही तसंच, पण उलट्या क्रमाने: आधी सहा बाजू आणि टेप, मग लेबल, मग कापणं. मधे कॅमेरा बंद झाला की क्लेम फेटाळायला कारण मिळतं. फायलींना ऑर्डर क्रमांकाने नाव द्या, नाहीतर मुदतीच्या आत त्या सापडत नाहीत.

परतीचं पार्सल घेऊन आलेल्या मुलाच्या मोबाइलवर सही करण्याआधी खोका फाटलेला दिसला तर तसा शेरा नोंदवायला सांगा आणि त्याच्यासमोर फोटो काढा. सही झाल्यावर 'चांगल्या स्थितीत मिळालं' असं धरलं जातं.

`indemnify` हा शब्द ज्या परिच्छेदात आहे तो आता वाचा. त्याचा सारांश असा असतो, की तुमच्या मालामुळे साइटवर दावा झाला, दंड बसला किंवा वकिलाचा खर्च आला तर तो तुम्ही भरायचा. घरगुती मसाल्यासाठी याचा रोख लेबलवर आहे. एफएसएसएआयचा क्रमांक, घटक, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, किती काळात वापरावं, सर्व करांसहित कमाल किंमत, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हे लेबलवर असायलाच हवं, आणि साइटच्या पानावर लिहिलेलं त्याच्याशी जुळायला हवं. 'सांधेदुखीवर गुणकारी' असलं काही वर्णनात लिहू नका. ती ओळ लिहिणाऱ्याला दंडापर्यंत नेते.

पैसे नेमके कोणत्या दिवशी

'7 दिवसांत पेमेंट' असं ऐकून बरं वाटतं. प्रश्न असा विचारा: सात दिवस कधीपासून? ऑर्डरपासून, पाठवल्यापासून, की ग्राहकाला मिळाल्यापासून? बहुधा मिळाल्यापासून. त्यातही सात दिवसांनी पैसे 'पात्र' होतात आणि प्रत्यक्ष पाठवण्याचा वार वेगळा असतो.

एक ऑर्डर धरून पाहा. सोमवारी 1 तारखेला ऑर्डर आली. मंगळवारी पार्सल गेलं. तालुक्याच्या गावातून जळगावला, तिथून मोठ्या केंद्रात, मग पुण्याला, असं जाऊन रविवारी 7 तारखेला पोहोचलं. सात दिवस धरून 14 तारखेला रक्कम पात्र झाली. पेआउट बुधवारी होतो, म्हणजे 17 तारीख. बँकेत 18 ला. ऑर्डरपासून सतरा दिवस झाले, आणि मिरची-धने तर ऑर्डरच्याही दहा दिवस आधी रोखीने आणलेले होते. म्हणजे एका पाकिटात घातलेले 163 रुपये सत्तावीस दिवस अडकले. दिवसाला आठ पाकिटं जात असतील तर रोजचे 1304 रुपये, सत्तावीस दिवसांचे 35,208. एवढं भांडवल बाजूला नसेल तर ऑर्डर वाढल्या की माल आणायला पैसे उरत नाहीत, आणि उशीर होऊ लागतो. खातं अडचणीत येण्याची सुरुवात पुष्कळदा इथून होते.

`set-off` म्हणजे वळतं करून घेण्याचा अधिकार. जुन्या परताव्याचे, दंडाचे किंवा जाहिरातीचे पैसे पुढच्या पेआउटमधून कापले जातात. त्या आठवड्यात विक्री कमी आणि परतावे जास्त असतील तर शिल्लक उणे दिसते आणि पुढच्या आठवड्यात नेली जाते. साइटवरची जाहिरात सुरू करताना रोजची मर्यादा घाला, कारण तिचे पैसे बहुतेक वेळा याच रकमेतून जातात.

पत्रक तपासायची पद्धत सोपी ठेवा. आठवड्यातल्या कोणत्याही दहा ऑर्डर घ्या आणि वहीत तीन आकडे मांडा: विक्रीची किंमत, आपल्या हिशोबाने यायला हवी ती रक्कम, आणि आलेली रक्कम. फरक दोन रुपयांच्या वर असेल तर त्या ऑर्डरचा तपशील उघडा. तक्रार करताना 'पैसे कमी आले' असं लिहू नका. ऑर्डर क्रमांक, कोणत्या शीर्षाखाली किती कापले, दरपत्रकाप्रमाणे किती कापायला हवे होते, आणि त्या तारखेच्या दरपत्रकाची पीडीएफ, एवढं द्या. अशा तक्रारीला मोघम उत्तर देणं अवघड असतं.

उद्यम नोंदणी आहे म्हणून 45 दिवसांत पैसे देण्याचा लघुउद्योगांचा कायदा साइटला लागू होईल, अशी अनेकांची समजूत असते. तो कायदा खरेदीदाराला लागू होतो, आणि साइट करारात आधीच लिहून ठेवते की ती खरेदीदार नाही, फक्त मध्यस्थ आहे. त्यावर विसंबून राहू नका.

खातं बंद पडलं तर

आधी पाहा, काय बंद झालं आहे. एखाद्या वस्तूचं पान बंद होणं वेगळं आणि सगळं खातं स्थगित होणं वेगळं. पान बंद होण्याचं कारण बहुधा कागदाचं असतं: एफएसएसएआयची मुदत, लेबलचा फोटो, वर्णनातला दावा. कागद जोडला की सुटतं.

पूर्ण खातं स्थगित होण्याची घरगुती उद्योगातली कारणं थोडीच आहेत. ऑर्डर वेळेत न पाठवणं हे पहिलं. आखाजीला घरातल्या लेकी-सुना माहेरी जातात, पॅकिंग थांबतं, आणि साइटवरच्या आपल्या विक्रेता-पॅनलवर सुटी लावायची राहते. ऑर्डर येतच राहतात आणि चार दिवसांत आकडे घसरतात. आखाजी, पोळा, दिवाळी आणि घरातलं लग्न यांच्या दोन दिवस आधी सुटी लावा. त्याआधी आलेल्या ऑर्डर मात्र पाठवाव्याच लागतात.

दुसरं कारण नावांचा मेळ नसणं. पॅनवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, आणि एफएसएसएआयवर नवऱ्याचं. खातं उघडताना हे निभावतं, पण फेरतपासणीत अडकतं. तिसरं कारण एकमेकांशी जोडलेली खाती. जावेचं खातं आधी बंद झालेलं असेल आणि तुम्ही त्याच मोबाइलवरून, त्याच पत्त्यावर किंवा त्याच बँक खात्यावर नवं उघडलं, तर ते जुन्याचंच रूप मानलं जाऊ शकतं. बंद खात्याची दाद मागायच्या ऐवजी घरातल्या दुसऱ्याच्या नावाने नवं खातं काढणं हा म्हणूनच सर्वांत वाईट उपाय आहे. दोन्ही जातात.

करारात तीन गोष्टी शोधा. सूचना न देता स्थगित करता येतं का? बहुतेक ठिकाणी येतं. शिल्लक रक्कम किती दिवस रोखून धरता येते? संभाव्य परताव्यांसाठी ती काही महिने रोखण्याची तरतूद असू शकते. आणि साइटच्या गोदामात ठेवलेला माल कोण, किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने परत आणणार? मसाला तिथे पडून तारीख उलटली तर नुकसान तुमचं. सुरुवातीचे काही महिने माल घरूनच पाठवणं म्हणून बरं.

स्थगितीची ईमेल आली की पहिल्या तासात पॅनल उघडतं तोवर ऑर्डरची यादी, सगळी सेटलमेंट पत्रकं आणि करबिलं उतरवून घ्या. पुढे प्रवेश राहीलच याची खात्री नाही, आणि जीएसटी रिटर्नला ती लागतातच. हातातल्या ऑर्डर पाठवता येत असतील तर पाठवा.

मग दाद मागायचा अर्ज. रागात, त्याच दिवशी, चार वेळा पाठवू नका. एकच पाठवा आणि त्यात तीन गोष्टी लिहा: काय चुकलं, ते कसं निस्तरलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. मजकूर असा असावा:

"सणाच्या आठवड्यात आमच्या 14 ऑर्डर ठरलेल्या वेळेनंतर गेल्या. पॅकिंग बंद असताना पॅनलवर सुटी लावलेली नव्हती, हे कारण. सर्व 14 ऑर्डर पाठवल्या असून त्यांचे क्रमांक सोबत आहेत. आता पॅकिंगसाठी दुसरी व्यक्ती ठेवली आहे, तयार पाकिटांचा 50 चा साठा ठेवतो, आणि वर्षभराच्या सुट्ट्या पॅनलवर आधीच नोंदवल्या आहेत. त्याचे फोटो जोडले आहेत."

'आम्ही गरीब आहोत, कृपा करा' यातलं काही त्यात नको. अर्ज वाचणाऱ्याला कारण आणि बदल जुळतात का, एवढंच पाहायचं असतं. चूक तुमची नसेल, उदाहरणार्थ पिकअपवालाच आला नसेल, तर ठरलेली वेळ आणि वाट पाहिल्याचे पॅनलवरचे स्क्रीनशॉट तारखेसह जोडा.

अर्ज फेटाळला आणि रक्कम अडकली तर साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो. त्यानंतर `arbitration` चं कलम: वाद लवादापुढे न्यायचा आणि तोही साइटच्या मुख्यालयाच्या शहरात, असं बहुधा लिहिलेलं असतं. दहा-बारा हजारांसाठी तिथे वकील देणं परवडत नाही. म्हणून एका साइटवर एका वेळी किती रक्कम अडकू शकते यावर स्वतःच मर्यादा घाला. वरच्या उदाहरणात रोज आठ पाकिटं जातात आणि ऑर्डरपासून पैसे यायला सतरा दिवस लागतात. आठ गुणिले सतरा गुणिले 207, म्हणजे 28,152 रुपये कोणत्याही दिवशी साइटकडे असतात. त्याच्या दुप्पट विक्री एकाच खात्यावर न्यायची असेल तर 56 हजार रुपये तीन महिने आले नाहीत तरी मिरचीचा व्यापारी, कांडपवाला आणि मजुरी यांचं देणं भागेल का, ते आधी वहीत मांडून पाहा. भागत नसेल तर वाढीव माल दुसऱ्या साइटवर किंवा थेट सुरत-पुण्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना पाठवा.